सांडपाण्याची नोंदवही, परवाना आणि प्रत्यक्ष विसर्ग : वाचकांची प्रश्नोत्तरे

रासायनिक कारखान्यांच्या पर्यावरणविषयक लेखापरीक्षणासंबंधी येणाऱ्या पत्रांमध्ये एकच गैरसमज वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा भेटतो. तो असा की, प्रयोगशाळेचा अहवाल मर्यादेत आला म्हणजे विसर्ग परवान्याप्रमाणे झाला. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. परवान्याच्या अटी आणि कायदा प्रत्येक ठिकाणी वेगळा असल्याने, उत्तरांचा उपयोग करण्यापूर्वी आपला परवाना समोर ठेवून आपल्या सल्लागाराशी बोलून घ्यावे.

प्रश्न : परवान्याची मुदत संपली आहे, पण नूतनीकरणाचा अर्ज वेळेत दिला आहे. लेखापरीक्षणात हे चालते का?

अर्जाची पोच म्हणजे परवाना नव्हे. जुना परवाना त्या काळात लागू राहतो की नाही, हे आपल्याकडील कायद्यावर अवलंबून असते. त्यासाठी कायदेशीर सल्ला घ्यावा आणि तो लेखी घ्यावा.

प्रश्न : आमचा सीओडी कायम मर्यादेच्या खाली असतो. तरी परीक्षक पाण्याच्या मीटरच्या आणि कच्च्या मालाच्या नोंदी का मागत बसतात?

सीओडी म्हणजे पाण्यातील द्रव्यांचे रासायनिक ऑक्सिडीकरण करायला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप. त्याचा आकडा एका लिटरात किती प्रदूषण आहे एवढेच सांगतो. किती लिटर बाहेर गेले, हे तो सांगत नाही. नदीला किंवा नाल्याला मिळतो तो या दोन आकड्यांचा गुणाकार. पहिला आकडा बाटलीत मावतो म्हणून सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे जाते आणि दुसरा भिंतीवरच्या एका पडद्यावर विश्वास टाकून लिहिला जातो. माझा अनुभव असा आहे की, परवाना आणि वस्तुस्थिती यांच्यातली मोठी तफावत बहुधा या दुसऱ्या आकड्यातच दडलेली असते. म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

समजा, एका कारखान्याच्या परवान्यात दिवसाला १२० घनमीटर सांडपाणी आणि लिटरला २५० मिलिग्रॅम सीओडी अशी मर्यादा आहे. नोंदवहीत रोजचा सरासरी विसर्ग ११२ घनमीटर आणि सीओडी १९० लिहिलेला आहे. कागदावर सर्व काही ठीक आहे. आता परीक्षक आवक पाण्याचे मीटर पाहतो; तेथे दिवसाला ३१० घनमीटर पाणी आत येत असल्याचे दिसते. हे पाणी कुठे जाते, याचा हिशेब जुळला पाहिजे.

कूलिंग टॉवरमधून तासाला ३०० घनमीटर पाणी फिरते आणि आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानात ६ अंशांचा फरक राहतो. एवढ्या फरकाला फिरणाऱ्या पाण्याच्या सुमारे ०.९ टक्का बाष्पीभवन होते, म्हणजे दिवसाला साधारण ६५ घनमीटर. बॉयलरची जी वाफ हवेत सुटते ती १० घनमीटर, ओल्या उत्पादनाबरोबर जाणारे पाणी ६, आणि स्वच्छतागृहे व उपाहारगृहाचे वेगळ्या वाहिनीने जाणारे १४. बेरीज ९५ झाली. कूलिंग टॉवरचे ब्लोडाउन, म्हणजे क्षार साठू नयेत म्हणून टॉवरमधून मुद्दाम काढून टाकलेले पाणी, येथे वजा करायचे नाही, कारण ते शेवटी सांडपाण्यातच येते. ही चूक मी अनेक ताळेबंदांत पाहतो. ३१० मधून ९५ वजा केले की २१५ घनमीटर उरतात. नोंदवही ११२ म्हणते. बाष्पीभवनाच्या अंदाजात वीस टक्क्यांची चूक धरली तर १३ घनमीटर होतात आणि आवक मीटरमध्ये पाच टक्क्यांची धरली तर १५. या दोन्ही चुका एकाच बाजूला झुकल्या असे मानले, तरी १०३ घनमीटरची तफावत भरून निघत नाही.

येथे कारखान्याकडून हमखास एक उत्तर येते : पाणी बागेला जाते, गळती होते. ते खरे असू शकते. म्हणूनच परीक्षकाने पाण्याच्या हिशेबावर न थांबता दुसरा, त्याच्याशी संबंध नसलेला हिशेब मांडला पाहिजे. त्यासाठी क्लोराइड फार उपयोगी पडते, कारण जैविक प्रक्रियेत सीओडी नाहीसा होतो, पण क्लोराइड होत नाही. जेवढे आत गेले तेवढे कुठून तरी बाहेर पडलेच पाहिजे.

या कारखान्यात ३० टक्के तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल दिवसाला दोन टन वापरले जाते, पुढे ते कॉस्टिकने उदासीन केले जाते आणि क्लोराइडचा अंशही उत्पादनात जात नाही. दोन टनांत ६०० किलो हायड्रोजन क्लोराइड, त्यातले क्लोराइड सुमारे ५८४ किलो. आवक पाण्याबरोबर आलेले पंधराएक किलो त्यात मिळवले की ६०० किलो होतात. विसर्ग खरोखर ११२ घनमीटर असेल, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला सुमारे ५,३५० मिलिग्रॅम क्लोराइड सापडायला हवे. प्रयोगशाळेच्या जुन्या अहवालांत मात्र ते २,८०० च्या आसपास आहे. ६०० किलोला २१५ घनमीटरांनी भागून पाहा. उत्तर २,८०० च्या अगदी जवळ येते. एकमेकांशी संबंध नसलेले दोन हिशेब एकाच आकड्याकडे बोट दाखवू लागले की बागेची सबब टिकत नाही.

या २,८०० मधून आणखी एक गोष्ट कळते. आम्लाचे तीव्र पाणी मिश्रण होण्यापूर्वीच वेगळ्या वाटेने कुठे तरी काढून दिले जात असते, तर मुख्य निर्गमातील क्लोराइड याहून वेगळे दिसले असते. येथे निर्गमाची तीव्रता एकूण सरासरीशी जुळते. म्हणजे सर्व पाणी समतोलीकरण टाकीत एकत्र येते आहे. मग शक्यता दोनच उरतात : त्या टाकीनंतर कुठे तरी आडवाट आहे, किंवा निर्गमाचे मोजमापच कमी दाखवते आहे. परीक्षकाला आता सगळा कारखाना धुंडाळायची गरज नाही. शेवटचे काही मीटर पाहिले तरी पुरे.

ते शेवटचे काही मीटर पाहू. निर्गम वाहिनीत ९० अंशांची व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असलेली पट्टी, बसवलेली आहे आणि तिच्या मागे पाण्याची पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक संवेदक आहे. संवेदक फक्त उंची मोजतो. तिच्यावरून प्रवाह काढण्याचे काम यंत्रातील सूत्र करते. या खाचेतून जाणारा प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. दिवसभर सारख्या प्रवाहाने २१५ घनमीटर पाणी जात असेल, तर खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची सुमारे ८० मिलिमीटर असते. ११२ घनमीटरला ती ६२ मिलिमीटर असते. फरक १८ मिलिमीटरचा, एका बोटाच्या रुंदीएवढा, आणि तेवढ्यात निम्मे पाणी नोंदीतून गायब होते.

त्यामुळे परीक्षकाने पडद्याकडे पाठ करून पोलादी पट्टी हातात घ्यावी. खाचेच्या अगदी तोंडाशी पाणी खाली वळलेले असते, तेथे मोजू नये; जास्तीत जास्त उंचीच्या तीन ते चार पट अंतरावर मागे जावे आणि खाचेच्या टोकाच्या पातळीपासून पाण्याची उंची मोजावी. आपल्या उदाहरणात पट्टी ८० दाखवते आणि पडदा ६२. मग संवेदक बसवल्याचा कागद काढला जातो आणि उलगडा होतो. शून्य ठरवण्याच्या दिवशी पंप बंद केला होता, पण मागे साचलेले पाणी खाचेतून अजून झिरपत होते. टोकाच्या वर १८ मिलिमीटर पाणी असताना तंत्रज्ञाने त्या पातळीलाच शून्य मानले. एवढ्या उंचीला खाचेतून तासाला जेमतेम २०० लिटर पाणी जाते, डोळ्याला ती निव्वळ ठिबक वाटते. कोणाचाही लबाडीचा हेतू नव्हता.

परिणाम मात्र पाहा. परवान्याच्या दोन्ही मर्यादांचा गुणाकार दिवसाला ३० किलो सीओडी होतो. नोंदवहीप्रमाणे कारखाना २१ किलो सोडत होता. प्रत्यक्षात १९० गुणिले २१५, म्हणजे जवळजवळ ४१ किलो. प्रयोगशाळेचा एकही अहवाल मर्यादेबाहेर नसताना प्रवाहाची अट मोडली गेली आणि परवान्यात दैनिक भाराची अट असेल तर तीही. याशिवाय १२० घनमीटरांसाठी बांधलेल्या वायुवीजन टाकीतून २१५ घनमीटर पाणी गेल्याने ते तेथे ठरल्यापेक्षा फार कमी वेळ थांबते, ही वेगळीच काळजी.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. क्लोरीनयुक्त संयुगे जेथे बनतात किंवा मिठाचे पाणी बाष्पीभवन यंत्रात आटवून घन क्षार वेगळा काढला जातो, तेथे तो क्षार वजनाने हिशेबात धरल्याशिवाय ताळेबंद फसवा ठरतो. प्रक्रिया जाणणाऱ्या अभियंत्याला बरोबर घेऊनच हा हिशेब मांडावा.

प्रश्न : दोन प्रयोगशाळांनी एकाच नमुन्याचा सीओडी अगदी वेगळा दिला. कोणाचा खरा मानायचा?

आधी दोघांनाही क्लोराइड किती होते आणि त्यांनी त्याचे काय केले, हे विचारावे. डायक्रोमेट पद्धतीत क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण होते आणि सीओडी उगाच फुगतो. ते दाबण्यासाठी मर्क्युरिक सल्फेट घालतात, पण लिटरला २,००० मिलिग्रॅमच्या पुढे क्लोराइड गेले की नेहमीच्या कृतीवर भरवसा ठेवता येत नाही. वरच्या उदाहरणातील २,८०० क्लोराइड न दाबता पूर्ण ऑक्सिडीकरण होऊ दिले, तर एकट्या क्लोराइडमुळे ६०० च्या वर सीओडी दिसेल. त्या १९० च्या आकड्यालाही परीक्षकाने म्हणूनच पद्धत विचारली पाहिजे. नमुना मान्यताप्राप्त तिसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा, आणि पाठवताना क्लोराइडचा आकडा आधीच कळवावा.

प्रश्न : ऑनलाइन मोजणी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो की, यंत्र बसवल्यावर प्रयोगशाळेची आणि हाताने लिहिलेल्या नोंदींची गरज उरत नाही. खरे आहे का?

विक्रेत्याचे काम विकणे हे आहे. अनेक ऑनलाइन सीओडी यंत्रे सीओडी मोजतच नाहीत; ती पाण्यातून अतिनील प्रकाश किती शोषला जातो हे मोजतात आणि प्रयोगशाळेच्या निकालांशी जुळवलेल्या समीकरणावरून सीओडीचा अंदाज देतात. उत्पादन बदलले, सांडपाण्यातील द्रव्ये बदलली, की ते समीकरण जुने होते. प्रयोगशाळा बंद करायची, तर ते जुने झाले हे कळणार कोणाला?

लेखापरीक्षणात मी यंत्राच्या पडद्यापेक्षा त्याच्या मांडणीचे पान आधी उघडायला सांगतो. मोजणीची कमाल मर्यादा नेमकी परवान्याच्या मर्यादेवर, म्हणजे २५० वर, बांधून ठेवलेली असेल तर पाणी ६०० चे असले तरी नोंद २५० चीच होते. आलेखात काही तास शिखर कापल्यासारखी सपाट रेघ दिसली की ही शंका घ्यावी. तळाशी तितकीच सपाट रेघ असेल, तर संवेदक वाहिनीत आहे की स्वच्छ पाण्याच्या भांड्यात, हे जाऊन पाहावे. ‘यंत्र कधीही मर्यादा ओलांडू देत नाही’ असे कोणी अभिमानाने सांगत असेल, तर ते यंत्र घेऊ नये. खरेदीपूर्वी नियामकाकडून मान्य पद्धत आणि जुळणी तपासणीचे वेळापत्रक लेखी मागून घ्यावे.

प्रश्न : नमुना सकाळी दहा वाजता घेतो, रोज त्याच वेळी. हे शिस्तीचे नाही का?

शिस्तीचे आहे, पण प्रातिनिधिक नाही. परवान्यात २४ तासांचा संमिश्र नमुना सांगितला असेल, तर दहा वाजताची बाटली ही अट पूर्ण करत नाही. रिअॅक्टर पहाटे धुतला जात असेल, तर त्याचे पाणी दहा वाजता भेटणारच नाही. प्रवाहाच्या प्रमाणात भाग घेऊन संमिश्र नमुना करावा. पीएच, तेल व ग्रीस आणि उडून जाणारी संयुगे मात्र तत्काळ घेतलेल्या स्वतंत्र नमुन्यातच तपासावीत. नमुन्याची जागा परवान्यात लिहिलेलीच असावी. ती सोयीसाठी चार पावले इकडेतिकडे सरकवू नये. सरकवायची असेल तर आधी नियामकाची परवानगी घ्यावी.

प्रश्न : कूलिंग टॉवरचे स्वच्छ पाणी प्रक्रियेनंतरच्या टाकीत सोडले तर सीओडी आपोआप खाली येतो. शेजारच्या कारखान्यात असेच करतात, असे ऐकले.

शेजारचा कारखाना आपल्या परवान्यावर सही करत नाही. मर्यादा गाठण्यासाठी पाणी मिसळून पातळ करणे बहुतेक परवान्यांत स्पष्ट शब्दांत मनाई केलेले असते, आणि भाराच्या हिशेबाने त्यातून काहीच साधत नाही. किलो तेवढेच राहतात. प्रक्रियेत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यातील क्लोराइड सारखे असायला हवे. बाहेर ते अचानक निम्मे झाले की मधे कुठे तरी पाणी घातले गेले, हे परीक्षकाला एका बाटलीत कळते. ब्लोडाउनची वाट मूळ आराखड्यात काय मंजूर आहे, ते पाहून सल्लागाराशी बोलावे.

प्रश्न : आमच्या नोंदी वर्षभर अगदी एकसारख्या आहेत. बीओडी २४ ते २८, सीओडी १८० ते १९५. परीक्षकाने तरी संशय का घ्यावा?

कारण खरे सांडपाणी इतके आज्ञाधारक नसते. टप्प्याटप्प्याने उत्पादन करणाऱ्या कारखान्यात उत्पादन बदलते, सुटीच्या दिवशी संयंत्र बंद असते, पावसात टाकी भरते; या प्रत्येक गोष्टीचा ठसा आकड्यांवर उमटायला हवा. संयंत्र बंद असलेल्या दिवशीही नोंदवहीत नेहमीचा प्रवाह लिहिलेला सापडला की पुढचे फारसे पाहावे लागत नाही.

बीओडी म्हणजे पाण्यातील द्रव्ये खाताना जीवाणूंनी वापरलेल्या ऑक्सिजनचे माप. त्याच्या चाचणीच्या तारखा मी नेहमी बारकाईने पाहतो. कोठे ही चाचणी २० अंशांवर ५ दिवस चालते, कोठे २७ अंशांवर ३ दिवस. पण नमुना घेतला त्याच संध्याकाळी तिचा निकाल लिहिता येईल अशी पद्धत मान्य चाचण्यांत नाही. एका कारखान्याच्या नोंदवहीत बीओडीचा रकाना रोजच्या रोज त्याच दिवशी, त्याच शाईने भरलेला होता आणि प्रयोगशाळेतील उष्मानियंत्रक कपाट गेले कित्येक आठवडे दुरुस्तीला गेलेले होते. बीओडी सीओडीपेक्षा जास्त असलेली एखादी अशक्य ओळही अशा नोंदवहीत हमखास सापडते. नकला करणाऱ्याला दोन रकान्यांची अदलाबदल झालेली कळत नाही.

आपल्या नोंदी खऱ्या असतील, तर त्या इतर नोंदींशी जुळतील : वायुवीजनाच्या ब्लोअरचे वीजवापराचे आकडे, कॉस्टिक किंवा चुन्याची खरेदी, बाहेर गेलेल्या गाळाचे वजन. पावसाळ्यातही गाळ नाही, ब्लोअर महिनाभर बंद आणि बीओडी तरी २६, हे कोणालाही पटवता येणार नाही.

प्रश्न : पावसाच्या पाण्याच्या गटारात कोरड्या दिवसांतही थोडे पाणी वाहते. ते लेखापरीक्षणात येते का?

येते, आणि आधी येते. कोरड्या दिवशी तेथे पाणी वाहण्याचे कारण सापडेपर्यंत त्या पाण्याला सांडपाणीच समजावे. पीएच, विद्युतवाहकता आणि क्लोराइड तपासावे. रंगद्रव्य सोडून माग काढायचा असेल तर नियामकाला आधी कळवावे.

प्रश्न : अंतर्गत लेखापरीक्षणात प्रवाहाची मर्यादा ओलांडल्याचे लक्षात आले आहे. आधी दुरुस्ती पूर्ण करून मग नियामकाला कळवले तर चालेल का?

नाही. कळवण्याची मुदत आपल्या सोयीवर नव्हे, परवान्यावर चालते. गंभीर उल्लंघनाची तोंडी सूचना २४ तासांत आणि लेखी अहवाल ५ दिवसांत मागणारे परवानेही आहेत. घड्याळ बहुधा आपल्याला ‘कळले’ त्या क्षणापासून चालू होते, दुरुस्तीचा ठेकेदार मिळाला त्या दिवसापासून नव्हे. म्हणून अहवालाचा मसुदा वाचून तो टेबलाच्या खणात ठेवण्यापूर्वी परवान्यातील ती अट उघडावी आणि त्याच दिवशी पर्यावरण कायदा जाणणाऱ्या वकिलाला दूरध्वनी करावा.

दरम्यान, जुन्या नोंदवहीला हात लावू नये. संवेदकाचे शून्य १८ मिलिमीटरने चुकले होते हे सिद्ध झाले, तरी मागील आकडे खोडून नवे लिहायचे नसतात. मूळ नोंद वाचता येईल अशी ठेवून स्वतंत्र दुरुस्तीपत्रक जोडावे. त्यात चूक कोणत्या तारखेपासून आहे असे कशावरून ठरवले, दुरुस्त प्रवाह कोणत्या हिशेबाने काढला आणि तपासणी कोणी केली, हे सहीनिशी लिहावे. शून्य नव्याने ठरवताना खाचेच्या टोकाशी पाणी पूर्ण थांबल्याचे छायाचित्र आणि पट्टीचे वाचन त्याच पत्रकाला जोडावे. खऱ्या प्रवाहाला परवाना पुरत नसेल, तर वाढीव प्रवाहाचा अर्ज वेगळा करावा लागेल, आणि तो मंजूर होईपर्यंत उत्पादन किती कमी ठेवायचे हे आपल्या प्रक्रिया अभियंत्याने आणि वकिलाने एकत्र बसून ठरवावे.